उंबऱ्यावरचे अकरा सेकंद : एका आगमनाच्या प्रकल्प नोंदी

२१ डिसेंबर २०२५, रविवार

पुण्याहून एका ताईंचा फोन. माहेर सोलापूरचं, जुळे सोलापुरात. धाकटा भाऊ २०२२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीला गेला, तो अजून एकदाही घरी आलेला नाही. आता जानेवारीत तीन आठवड्यांची सुट्टी मिळाली आहे. आईला सांगायचं नाही, अचानक समोर उभं करायचं आणि ते नीट चित्रित करायचं, एवढी मागणी. घरच्यांची नावं या वहीत लिहिणार नाही. काकू, काका, ताई, जावई, मुलगा आणि ताईंचं दहा महिन्यांचं बाळ. भाचीला मामाने आजवर मोबाइलवरच पाहिलंय.

नमुना म्हणून ताईंनी सात-आठ रील पाठवले. कुठे मुलगा खोक्यातून बाहेर उडी मारतो, कुठे हॉटेलात वेटर बनून येतो. सगळे बघितले. सगळ्यांत एकच गोष्ट होते : तो दिसतो, कुणीतरी किंचाळतं, तो धावतो, मिठी मारतो आणि आईचा चेहरा त्याच्या शर्टात गडप होतो. आईने ओळखलं आणि आई हलली, या दोहोंच्या मधला वेळ सेकंदभरही नसतो. खरं बघण्यासारखं तेवढंच असतं आणि नेमकं तेवढंच दिसत नाही. मिठी काय, सगळ्यांच्या सारख्याच असतात.

ताईंना सांगितलं की फुगे, केक, खोकं काही नको. या कामात एकच क्षण धरायचा, ओळख पटल्यापासून हात हलेपर्यंतचा. तो तीन सेकंद टिकला तरी पैसे वसूल. त्या म्हणाल्या, "टिकवायचा कसा? आई काय नटी आहे का?" प्रश्न बरोबर आहे. थांबायला सांगून माणूस थांबला की ते नाटक होतं. स्लो मोशनमध्ये ताणला तर तो आमचा वेळ झाला, काकूंचा नाही. प्रसंगातच असं काहीतरी हवं की दोघांनाही मिठी मारता येणार नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

आधी सुचलेलं सगळं काट मारलं. रेल्वे स्टेशनवर गर्दी, चेहऱ्यावर उजेड कुठून येईल याचा भरवसा नाही आणि काकूंना तिथे नेण्यासाठी मोठी थाप मारावी लागेल. मंदिरात नको. गड्डा यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या आवारात कॅमेरा लावून उभं राहणं म्हणजे चालतं-फिरतं संकट. घराच्या आत, जेवायच्या वेळी? तिथे तो मागून येतो, त्या वळतात, संपलं.

ताईंना फोन करून वेगळंच विचारलं. तुमच्याकडे कुणी लांबून घरी आलं की काकू काय करतात? त्या लगेच म्हणाल्या, "काही नाही हो, भाकरतुकडा ओवाळतात. मी पहिल्यांदा सासरहून आले तेव्हा, बाबा दवाखान्यातून आले तेव्हा. त्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत."

हेच हवं होतं. डाव्या हातात पाण्याचा तांब्या, उजव्या हातात भाकरीचा तुकडा. काकूंचे दोन्ही हात अडकलेले. समोरचा उंबऱ्याबाहेर, आणि ओवाळून तुकडा टाकल्याशिवाय त्याने आत यायचं नाही. मुलाला थांबवायला मी लागत नाही, उंबराच थांबवतो.

मग प्रश्न उरतो की काकू तुकडा घेऊन दाराशी येतील ते कुणासाठी? मुलासाठी तर येणार नाहीत, तो येतोय हेच त्यांना माहीत नाही. उत्तर ताईंकडेच होतं. बाळ तिसऱ्या महिन्यात पुण्याला गेलं, त्यानंतर आजोळी आलेलं नाही. संक्रांतीनंतर बोरन्हाण सोलापुरातच करायचं हे आधीच ठरलंय. म्हणजे काकू भाकरतुकडा घेऊन येणारच आहेत, नातीसाठी. आणि बाळ ज्याच्या कडेवर असेल त्याचेही दोन्ही हात अडकलेले.

रचना एवढीच. काकूंची नजर आधी बाळावर जाते. बाळावरून ओवाळताना ती कधीतरी वर सरकते. तिथे क्षण.

यात आणखी एक सोय आहे. कॅमेरे लपवायला नकोत. बोरन्हाणाचं शूटिंग आहे, बाळ घरात येतानाचंही घ्यायचंय, असं उघड सांगता येतं आणि ते खरंच आहे. लपवलेल्या कॅमेऱ्यावर आईचा रडता चेहरा पकडायचा आणि नंतर परवानगी मागायची, हे मला पटत नाही.

तारीख १८ जानेवारी, रविवार. तोवर नंदीध्वजांच्या मिरवणुका आटोपलेल्या असतात, रस्ते मोकळे होतात. रथसप्तमी २५ ला, म्हणजे बोरन्हाणालाही चालतं.

३० डिसेंबर, मंगळवार

काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे ऐकू कमी येतं आणि स्वतः बोलतात ते चार घरांना ऐकू जाईल असं. त्यामुळे फोनवर सांगणं बादच. ताईंनी त्यांना किराणा आणायला पाठवलं, मी विजापूर रोडला चहाच्या टपरीवर गाठलं आणि मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून वाचायला दिलं. दोनदा वाचलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही ना?" टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले. सुदैवाने कोणी ओळखीचं नव्हतं.

काकांना का सांगायचं, यावर ताईंशी थोडी हुज्जत झाली. त्यांना दोघांनाही चकित करायचं होतं. पण काकूंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दारात त्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर, सगळं ठाऊक असलेलं एक माणूस उभं असलंच पाहिजे. शिवाय दोन माणसं एकाच वेळी चकित झाली की बघणाऱ्याची नजर कुठे जावी तेच कळत नाही. काकांचा मुलाशी भेटीचा क्षण नंतर येईल, तो त्यांचा त्यांना असू दे. माहिती असलेली माणसं : ताई, जावई, काका, मी आणि माझा कामातला जोडीदार. मावशीला नाही, मामेभावंडांना नाही. एकाने स्टेटस ठेवलं की खेळ खलास.

आजचा महत्त्वाचा निर्णय जावयांच्या जॅकेटचा. पुण्याहून येताना बाळ नेहमी जावयांकडे असतं, म्हणजे काकूंच्या मनात बाळाच्या मागे जावईच असणार. त्यांचं एक मेंदी रंगाचं जॅकेट काकूंनीच गेल्या दिवाळीत दिलेलं आहे. मुलाची अंगकाठी साधारण तशीच. ते जॅकेट दिसलं की नजर तिथे अडकायचं कारण नाही, ती थेट बाळावर जाईल. काकू जावयांच्या तोंडाकडे एकदम बघतही नाहीत, पदर सावरत खालीच बघतात, असं ताई म्हणाल्या.

बाळ कसं धरायचं हेही लिहून ठेवतो, कारण सगळं त्यावर आहे. खांद्याशी धरलं तर बाळाचा आणि मुलाचा चेहरा शेजारी येतात, काकू एका नजरेत दोन्ही बघतील आणि ओळख त्याच क्षणी पटेल. म्हणून बाळ खाली, पोटाशी, तोंड समोर. एक हात बुडाखाली, दुसरा छातीवरून आडवा. दोन चेहऱ्यांत हातभर अंतर. ओवाळणारा हात वर जाताना ते अंतर कापायला जो वेळ घेईल तो आमचा.

११ जानेवारी २०२६, रविवार

बरोबर एक आठवडा आधी, त्याच वेळेला जागा बघायला गेलो. बोरन्हाणाचं शूटिंग करणारे म्हणून काकूंनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाऊ घातली. ज्यांना फसवणार त्यांच्याच हातचं खाताना घास अडखळतो जरा.

दार पूर्वेला. जानेवारीत सूर्य नेमका पूर्वेला नसतो, सकाळी नऊच्या पुढे तो बराच आग्नेयेकडे सरकलेला असतो. म्हणजे दारात उभ्या राहणाऱ्या काकूंच्या चेहऱ्यावर ऊन समोरून आणि थोडं त्यांच्या उजवीकडून येणार. मुलाची पाठ उन्हाकडे, त्याचा चेहरा सावलीत. दोन्ही आपल्या सोयीचं : जो चेहरा बघायचाय तो उजळलेला, जो उशिरा ओळखायचाय तो अंधुक. सूर्य तिरका असल्याने मुलाची सावलीही काकूंवर पडत नाही, त्यांच्या डावीकडून आत घरात जाते. जोडीदाराला मुलाच्या जागी उभं करून हे तपासलं.

समोरच्या दुमजली घरावरून ऊन खाली दारापर्यंत उतरायला नऊ वाजतात. दहाच्या सुमारास दारावरच्या छज्जाची सावली कपाळावर यायला लागते. म्हणजे हातात सव्वानऊ ते पावणेदहा, अर्धा तास. पुण्याहून अडीचशे किलोमीटर गाडीने यायचंय, सोबत बाळ. पहाटे साडेतीनला निघायला लागेल आणि मोहोळच्या पुढे कुठेतरी थांबून बाळाचं दूध-कपडे उरकावं लागेल. लवकर पोचले तर वाट बघता येते, उशीर झाला तर ऊन थांबत नाही.

काकू रोज सडा घालून उंबऱ्यासमोर रांगोळी काढतात. जोडीदाराला जमिनीवर टेप चिकटवून मुलाची उभं राहण्याची जागा आखायची होती. मी म्हटलं, रांगोळी असताना टेप कशाला? बाळासाठी जरा मोठी काढा, एवढं ताईंनी सांगितलं की झालं. रांगोळीवर कुणी पाय देत नाही, मुलगा तिच्या अलीकडेच थांबेल. उंबऱ्यापासून अंतर साधारण तीन-साडेतीन फूट, हात लांब करून ओवाळता येईल एवढंच.

कॅमेरा एक : फाटकाच्या आत, उत्तरेच्या बाजूला, तिपाईवर, ८५ मिलिमीटरची लेन्स, काकूंचा चेहरा आणि हात दोन्ही चौकटीत. मुलाचा खांदा कडेला थोडासा. कॅमेरा दोन : घरात, काकूंच्या मागे, सगळं दार दिसेल असा. आत ट्यूबलाइट चालू असते आणि आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर पक्कं, नाहीतर भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसतात. फोकस हाताने, उंबऱ्यावर लावून ठेवायचा. ऑटोफोकसला चेहरे आवडतात. चौकटीत बाळाचं तोंड आलं की तो काकूंना सोडून तिकडे धावेल आणि परत यायला जो वेळ घेईल त्यातच सगळं होऊन जाईल.

आवाजासाठी काकूंच्या पदराला माइक लावायचा विचार होता. लावून बघितला, कापडाची खसखस फार. त्याऐवजी छोटा रेकॉर्डर तोरणाच्या मागे, चौकटीच्या वर. तिथून बांगड्या फार स्वच्छ ऐकू येतात. काकू पाण्याचा तांब्या उचलून ठेवत होत्या तेवढ्यात हेडफोन कानाला होता. हात हलला की किणकिण, थांबला की एकदम काही नाही. म्हणजे क्षण कुठे सुरू झाला हे चेहरा बघायच्या आधी कानाला कळणार. आता इथे संगीत घालायचं नाही, हे आजच ठरवलं. ताईंनी एक गाणं सुचवलंय. बघू.

एक अडचण : नऊच्या पुढेमागे घंटागाडी येते, भोंग्यावर गाणं लावून. ती गल्लीतून जाईपर्यंत ताईंची गाडी वळणावर थांबवायची. काकांना काम दिलं : कचरा टाकून आलात की मला हात करा.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. कामाचं विशेष काही नाही. मुलाला लिहून पाठवलं : बोलायचं नाही, हसायचं नाही, पुढे झुकायचं नाही. बाळाकडे बघत राहायचं, काकूंकडे नाही. त्या बघतील तेव्हा बघायचं. ताईंना : मोबाइल बाहेर काढायचा नाही, आणि 'सरप्राइज' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. जावई गाडीतच बसतील, खिडकीच्या काचा वर.

आणि ठरलेला मोडता : बाळ रडलं किंवा काकूंना गरगरल्यासारखं दिसलं की ताईंनी लगेच पुढे होऊन दोघांना हात लावायचा. चित्रण गेलं तरी चालेल.

१६ जानेवारी, शुक्रवार

मुलगा मुंबईत उतरून दुपारी पुण्यात पोचला. तो थेट सोलापूरला येत नाही याचं कारण बाळ. दहा महिन्यांच्या पोराला अनोळखी माणसाने उचललं की ते भोकाड पसरतं, हे कुणीही आई सांगेल. मोबाइलमधल्या मामाची ओळख उपयोगाची नाही. प्रत्यक्षात तो उंच आहे, त्याला वास आहे, दाढी आहे. ताईंचा संध्याकाळी मेसेज : पहिल्यांदा घेतलं तेव्हा बाळ रडलं. मग मामा जमिनीवर बसून वाट्या-चमचे वाजवत राहिला, बाळ आपणहून रांगत गेलं. आता जॅकेट घालूनच खेळवतोय, म्हणजे बाळाला तेही बाबांचंच वाटतं.

१७ जानेवारी, शनिवार

सगळ्यात अवघड भाग दाराशी नव्हता, तो फोनचा होता. मुलगा रोज आपल्या रात्री नऊला आईला व्हिडिओ कॉल करतो. जर्मनीत तेव्हा दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. काल प्रवासाच्या गडबडीत कॉल चुकला, त्याला 'कामावर उशीर' हे कारण चाललं. दोन दिवस सलग चुकला असता तर काकूंनी जर्मनीतल्या पोलिसांना फोन लावला असता, असं ताई म्हणतात.

म्हणून आज पुण्यातूनच करायचा. पण तिथे साडेचारला अजून उजेड असतो आणि इथे मिट्ट काळोख. खोलीत बसावं तर डोक्यावर पंखा, शेजारी कुकरची शिट्टी, मधेच बाळाचा आवाज. शेवटी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केला. तळघर सगळीकडे सारखंच, त्याला दिवस-रात्र नाही. पुढे बसू नकोस, हे मात्र मी आठवणीने सांगितलं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तिकडे डावीकडे. काकूंच्या नाही तरी काकांच्या नजरेने हे टिपलं असतं, आणि काका मोठ्याने बोलतात. तो मागच्या सीटवर जाड स्वेटर घालून बसला. आईने विचारलं, कुठे आहेस? म्हणाला, "गाडीत. घरी निघालोय." या सबंध योजनेतलं सगळ्यात मोठं खोटं, ते असं निम्मं खरं निघालं.

खोटं शक्य तेवढं कमी ठेवायचं, हा माझा आग्रह. नंतर आई हिशेब मांडते, कोण काय काय बोललं याचा.

१८ जानेवारी, रविवार

आठ वाजता पोचलो. काकूंनी रांगोळी ताईंनी सांगितल्याहून मोठी काढली होती. फोकस पुन्हा बघून घेतला. काकांनी सकाळपासून "भाकरी केलीस ना?" असं इतक्यांदा विचारलं होतं की काकू वैतागल्या होत्या.

गाडी नऊच्या आधी जुन्या पुणे नाक्यावर होती. घंटागाडी उशिरा आली, नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी गल्लीतून बाहेर पडली. काकांनी हात केला, मी मिस्ड कॉल दिला. गाडी दारापासून दोन घरं अलीकडे थांबली, कारण शेजारच्या आजी अंगणात वाळवण घालत होत्या आणि त्या मुलाला लहानपणापासून ओळखतात. ताई आधी उतरून सरळ त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या आणि रस्त्याच्या मधे उभ्या राहून गप्पा मारायला लागल्या. हे ठरलेलं नव्हतं, ताईंनी जागच्या जागी केलं.

मग मुलगा बाळाला घेऊन फाटकातून आत आला आणि रांगोळीपाशी थांबला. ताई मागून.

काकू तांब्या आणि तुकडा घेऊन दारात आल्या. नजर बाळावर. "अगंबाई, कानटोपीत मावेना की ही!" असं म्हणत ओवाळायला लागल्या. एक फेरी. दुसरी. बाळाने तुकड्याकडे हात केला, काकूंनी हसत तुकडा उचलून वर घेतला. तिसऱ्या फेरीला हात नेहमीपेक्षा वर गेला तो असा, बाळामुळे. आणि हाताबरोबर नजर.

बांगड्या थांबल्या.

पुढचं तिपाईमागे उभं राहून जसं दिसलं तसं लिहितो. काकू रडल्या नाहीत. तोंड उघडलं नाही. आधी कपाळावर एक आठी आली, रागावल्यासारखी. जॅकेट जावयांचं आणि तोंड मुलाचं, हे दोन्ही एकत्र बसत नव्हतं. नजर जॅकेटवर उतरली, परत वर गेली. मग ताईंकडे बघितलं, परत मुलाकडे. हात तसाच हवेत, तुकडा धरलेला. तांब्या थोडा कलला आणि पाण्याची धार रांगोळीवर पडली, ती त्यांना कळली नाही. मुलाची हनुवटी हलायला लागली होती, पण तो हलला नाही. हलता येत नव्हतं, बाळ होतं.

मग काकूंनी ती अर्धी राहिलेली तिसरी फेरी पूर्ण केली. तुकडा मोडून दोन केले. एक बाळासाठी टाकला. दुसरा मुलाच्या डोक्यावरून पायापर्यंत ओवाळला, तीनदा, सावकाश. तोही टाकला. बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं, मग मुलाच्या. तिथे पहिला शब्द आला : "पायावर पाणी घे आधी."

त्यानंतर जे झालं ते सगळ्यांच्या घरी होतं तेच. बाळ काकांकडे गेलं, मिठी झाली, शेजारच्या आजी वाळवण टाकून धावत आल्या. आम्ही कॅमेरे चालू ठेवले, पण काम झालं होतं. दुपारी बोरन्हाण घेतलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलव्याचे दागिने. मामाच्या हातून ओतताना बाळ खदाखदा हसत होतं.

२१ जानेवारी, बुधवार

संकलन. बांगड्या थांबल्यापासून हात पुन्हा हलेपर्यंत अकरा सेकंद. कागदावर थोडे वाटतात, पडद्यावर भरपूर आहेत.

जोडीदाराने एक कापणी केली : चार सेकंद काकू, मग दुसऱ्या कॅमेऱ्यातून काकांची पाठ आणि ते डोळे पुसताना, मग परत काकू. बघायला देखणी आहे. मी एक केली ज्यात कापणीच नाही, पहिला कॅमेरा काकू दारात आल्यापासून तसाच. दोन्ही स्टुडिओच्या खालच्या झेरॉक्सवाल्याला आणि त्याच्या बहिणीला दाखवल्या, काही न सांगता. पहिली बघून दोघं "मस्त" म्हणाले. दुसरी बघताना तो मधेच म्हणाला, "चिडली काय ती?" आणि पुढे सरकून बसला.

फरक मला असा दिसतो. काका डोळे पुसताना दिसले की बघणाऱ्याला कळतं, इथे रडायचं आहे. उत्तर मिळालं, आता काकूंचा चेहरा वाचायची गरज संपली. शिवाय कॅमेरा परत काकूंवर आला तेव्हा मधे किती वेळ गेला हे कळत नाही. त्या दोन सेकंद थांबल्या होत्या की वीस, हे संकलकाच्या हातात गेलं. न कापता ठेवलं तर प्रत्येक सेकंद काकूंचा आहे, आणि ती आठी येताना, सुटताना दिसते.

मात्र हे उघडं अकरा सेकंदांचं चित्र नुसतं दाखवून चालत नाही. आधी बघणाऱ्याला सगळं माहीत हवं, काकूंना माहीत नसलेलं. म्हणून सुरुवातीला दीड मिनिट : पहाटेच्या अंधारात पुण्याहून निघालेली गाडी, टेंभुर्णीला चहा, मुलगा जॅकेटची चेन लावताना, इकडे काकू रांगोळी काढताना, भाकरी थापताना. बघणारा गुपितात सामील झाला की मग दारातली शांतता त्याला रिकामी वाटत नाही.

ताईंचं गाणं सुरुवातीच्या प्रवासावर टाकलं, काकू दारात येतात तिथे ते संपतं. बांगड्या, दूरच्या अंगणातलं बोलणं, पाणी सांडल्याचा आवाज एवढंच ठेवलं. पहिल्यांदा त्या सेकंदांतला आवाज साफ करून बघितला तर दृश्य मेलं. पूर्ण नि:शब्द झालं की प्रेक्षकाला टीव्हीचा आवाज गेल्यासारखं वाटतं. मागची गल्ली ऐकू यायलाच हवी.

जोडीदार अजून स्लो मोशनचं म्हणतोय. २५ फ्रेमचं दृश्य ताणलं तर हिसके दिसतात, हे एक कारण. बांगड्यांचा आवाज ताणता येत नाही, हे दुसरं. तिसरं कारण मी त्याला सांगत बसलो नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी असल्याने सगळे घरी होते, म्हणून चित्रफीत घेऊन गेलो आणि त्यांच्या टीव्हीला लावली. दुसऱ्यांदा बघताना काकांनी आवाज इतका वाढवला की बांगड्या घणासारख्या वाजत होत्या.

काकू काही बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "माझं तोंड एवढा वेळ का दाखवलंय? तो कुठे दिसतोय?" ताईंनी समजावायला सुरुवात केली, मी त्यांना थांबवलं. मुलाचा चेहरा या चित्रात जवळपास नाहीच, फक्त खांदा आणि हलणारी हनुवटी. ते बदलणार नाही, पण त्यांना वेगळी प्रत देता येईल, ज्यात दुसऱ्या कॅमेऱ्यातून तोच प्रसंग दारामागून, मुलाच्या तोंडासकट दिसतो. तसं कबूल केलं.

मग त्या दुसरं बोलल्या, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. मी चित्र मुलावरून ओवाळायला सुरुवात होते तिथे संपवलं होतं, आणि पुढे थेट मिठी. काकू म्हणाल्या, "तुकडा टाकलेला कुठंय? डोळ्यांना पाणी लावलेलं कुठंय? ओवाळणं अर्धवट ठेवून पोराला आत घेतलं असं दिसतंय ते. लोक काय म्हणतील?"

संकलनाच्या हिशेबाने तिथे चित्र संपवणं ठीक होतं, कारण ओळख पटून गेलेली आहे. पण हा क्षण धरून ठेवला होता तो भाकरतुकड्याने, मी नाही. मग तो सुटायचाही त्यानेच. तुकडा हातातून गेला की दोघांचे हात मोकळे होतात. तोवर कापायचं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

त्या दृश्याचा शेवट वाढवला : दुसरा तुकडा, तीन फेऱ्या, डोळ्यांना पाणी, "पायावर पाणी घे आधी" पर्यंत एकसंध. मिठी त्यानंतर, आणि तीही अर्ध्यावर आणली, कारण आता तिची तेवढी गरज उरली नाही. चित्रफितीची एकूण लांबी चार मिनिटं बावीस सेकंद. काकूंसाठीची दुसरी प्रत सव्वादोन मिनिटांची, दारामागच्या कॅमेऱ्याची, त्यात काकांचा सगळा गोंधळही आहे.

दोन्ही पेन ड्राइव्हवर आणि लिंकवर दिल्या. मुलगा पुढच्या आठवड्यात परत जातोय, त्याच्या फोनमध्येही टाकल्या. बाहेर टाकायची परवानगी काकूंकडून मागितली होती. उत्तर आलं : पहिली टाका, पण रांगोळीवर पाणी सांडलंय ते दिसतं, ते काढता येईल का?

नाही म्हणून कळवलं. त्यांनी तरीही हो म्हटलंय.